गुण तेवढेच, शनीही तिथेच

लग्नाआधी पत्रिका बघतात ते एक वेळ समजू शकतं. मुलगा अनोळखी, घर अनोळखी, तासाभराच्या कांदेपोह्यांत कळणार काय? पण ज्या माणसाबरोबर चार वर्षं एका घरात काढली, ज्याचा राग कुठून सुरू होतो आणि पगार कुठे संपतो हे तोंडपाठ आहे, त्याच्याकडे परत जायचं की नाही हे ठरवायलाही पत्रिका लागते? सातारा-सांगलीकडे लागते. मोडलेलं लग्न पुन्हा जोडायचं मनात आलं की आधी आईला सांगतात, आई मावशीला सांगते आणि मावशी दोन्ही पत्रिका घेऊन जोशीबुवांकडे जाते. मुलं जरा शहरी असतील तर मोबाईलवर सिनॅस्ट्री काढतात, म्हणजे एकाच्या ग्रहांवर दुसऱ्याचे ग्रह मांडून बघतात. प्रश्न दोन्हीकडे एकच असतो: आता जमेल का, की पुन्हा तेच?

हा प्रश्न पत्रिकेला विचारायचा नसतो. असं मी ज्योतिष खोटं आहे म्हणून म्हणत नाही. त्यावर पुढे बोलूच. ज्योतिषाचे सगळे नियम खरे धरले तरी या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही, हे आधी बघा.

पहिलं म्हणजे गुण. छत्तीस गुण मांडले जातात ते फक्त चंद्रावरून. वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, भकूट, नाडी ही आठही कूटं दोघांच्या जन्मनक्षत्रावरून आणि राशीवरून निघतात. मंगळ, शुक्र, शनी यांना या छत्तिसांत जागाच नाही. मंगळ वेगळा बघतात, बाकीचे बघायचे तर ग्रहमेलन करावं लागतं. आणि जन्मनक्षत्र काही लग्न मोडलं म्हणून बदलत नाही. पहिल्या वेळी 27 गुण जुळले होते, तर आजही 27 च जुळणार. त्या 27 गुणांवर मांडव पडला होता आणि त्याच 27 गुणांवर वकीलही केला होता. मग दुसऱ्यांदा तो आकडा काढून काय मिळवायचं? जो ज्योतिषी जुन्याच जोडप्याचे गुण पुन्हा मोजून ‘उत्तम आहेत, करा’ म्हणतो, तो तुमचे पैसे घेऊन तुमचीच जुनी पावती तुम्हाला परत देतो.

आता उदाहरणापुरत्या दोन पत्रिका घेऊ. माणसं कल्पित आहेत, ग्रह मात्र त्या त्या काळातले खरे. मुलगी सांगलीची, जन्म सप्टेंबर 1994 च्या सुरुवातीचा, चंद्र कर्केत 8 अंशांवर, पुष्य नक्षत्र. मुलगा साताऱ्याचा, जन्म मे 1991 च्या अखेरचा, चंद्र कन्येत, हस्त नक्षत्र. गुण मांडा. नाडी तिची मध्य, त्याची आद्य, म्हणून आठपैकी आठ. कर्क आणि कन्या एकमेकांपासून तिसरी-अकरावी, म्हणून भकुटाचे सातपैकी सात. दोघंही देवगणी, सहापैकी सहा. या तिघांचेच 21 झाले. ग्रहमैत्रीत आणि वर्णात मार बसतो, तरी बेरीज 27 च्या आसपास जाते. कुठलाही ज्योतिषी या पत्रिका हसत जुळवून देईल.

आता ग्रहमेलन करा. त्याचा गुरू कर्केत, म्हणजे तिच्या चंद्रावरच बसलेला, तोही उच्चीचा. तिला या मुलाजवळ आधार का वाटला, पहिल्या भेटीत ती इतकी मोकळी कशी झाली, याचं उत्तर ज्योतिषी इथे दाखवतो. पण त्याच मुलाचा शनी मकरेत आहे. तो तिच्या चंद्राच्या बरोबर समोर येतो आणि सातव्या दृष्टीने त्याच्याकडे बघतो. दोघांत चार-पाच अंशांचंच अंतर, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीनेही हा योग धरावा लागतो. आणि तिचा मंगळ मिथुनेत आहे. मंगळाची चौथी दृष्टी कन्येवर जाते आणि कन्येत त्याचा चंद्र आहे.

शास्त्राच्या भाषेतून हे घरात आणा. ती संध्याकाळी म्हणते, ‘आज मला बरं वाटत नाहीये.’ तो म्हणतो, ‘मग गोळी घे ना, मला सकाळी लवकर जायचंय.’ त्याने काही वाईट केलेलं नसतं. गोळी खरंच घ्यायची असते आणि त्याला खरंच लवकर जायचं असतं. पण तिला गोळी नको होती. शनी समोरून चंद्राकडे बघतो म्हणजे काय, ते हे. ती गप्प होते, आठवडाभर साठवते आणि मग त्याच्या बहिणीसमोर बोलून जाते, ‘याला कुणाचं काही कळतच नाही.’ चारचौघांत अपमान झाला की तो आतून बंद होतो. हा तिचा मंगळ, त्याच्या चंद्रावर. तो बंद झाला की तिला आणखी एकटं वाटतं आणि चक्र पुन्हा फिरतं. छत्तिसांतल्या 27 गुणांना यातलं काहीही दिसत नाही. नाडी, भकूट आणि गण पैकीच्या पैकी मिळवून हे घर मोडू शकतं.

सिनॅस्ट्रीचा उपयोग असलाच तर तो इथवर आहे. जुनं दुखणं कुठे होतं ते ती मांडून दाखवू शकते. आणि तिचा अडथळाही इथेच आहे. तिने दाखवलेलं दुखणं जन्माच्या ग्रहांचं आहे आणि ते ग्रह मरेपर्यंत हलत नाहीत. त्याचा शनी पहिल्या लग्नात तिच्या चंद्रासमोर होता, दुसऱ्यांदाही असणार. म्हणजे शास्त्र खरं धरलं तर उत्तर कायमचं ‘पुन्हा तेच’ असायला हवं. तसं बजावणारा ज्योतिषी तुम्हाला किती वेळा भेटला?

ज्योतिषी इथे गोचरीकडे वळतो. जन्मग्रह तेच असले तरी काळ बदलला ना, म्हणतो. तेही तपासू. शनी 17 जानेवारी 2023 ला कुंभेत आला आणि 29 मार्च 2025 ला मीनेत गेला. कुंभ ही कर्केपासून आठवी रास, म्हणजे ती सव्वादोन वर्षं आपल्या मुलीला अष्टम शनी होता. समजा ती 2023 च्या दिवाळीत माहेरी सांगलीला निघून आली आणि मार्च 2025 मध्ये त्याचा मेसेज आला, ‘कशी आहेस?’ ज्योतिषाचं काम सोपं झालं. ‘अष्टम शनीने तोडलं होतं, तो गेला, आता खुशाल जा.’

ऐकायला पटतं. पण तोच शनी मीनेतून समोरच्या कन्येकडे बघतो, म्हणजे तिचा सुटला आणि आता त्याच्या चंद्रावर आला. हे सांगितलं जात नाही. आणखी एक सांगितलं जात नाही. तिचा चंद्र कर्केच्या 8 अंशांवर आहे, त्यावरून विंशोत्तरी दशा काढा. शनीची उरलेली बारा वर्षं 2007 च्या सुरुवातीला संपतात, बुधाची सतरा 2024 च्या सुरुवातीला, आणि मग सात वर्षं केतू. केतूची महादशा 2031 पर्यंत. केतू विरक्तीचा, तोडणारा, असं हेच ज्योतिषी एरवी सांगतात. म्हणजे एकाच मुलीला, एकाच महिन्यात, गोचर म्हणतं जा आणि दशा म्हणते थांब. कोणतं सांगायचं हे ग्रह ठरवत नाहीत. समोर बसलेल्या आईचा चेहरा ठरवतो.

मोबाईलवाल्यांचा आवडता वक्री शुक्रही घ्या. जुनी माणसं परत येतात ती वक्री शुक्रात, असं म्हणतात. 2025 मध्ये शुक्र 2 मार्चपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत वक्री होता, आपल्या मुलाचा मेसेज नेमका त्यातच बसतो. पण शुक्र दर एकोणीस महिन्यांनी सुमारे चाळीस दिवस वक्री होतो आणि होतो तो सगळ्या जगासाठी. त्या चाळीस दिवसांत कऱ्हाडात, विट्यात, वाईत, जतमध्ये मिळून हजारो जुन्या जोडप्यांवर तोच शुक्र होता. त्यातल्या बहुतेकांनी मेसेज केला नाही. ज्यांनी केला त्यांनीच तो शुक्र लक्षात ठेवला.

आता शनीकडे परत येऊ, कारण सगळ्यात मोठी फट तिथेच आहे. मकरेत शनी डिसेंबर 1990 ते मार्च 1993 होता. म्हणजे त्या सव्वादोन वर्षांत जन्मलेल्या प्रत्येक मुलाचा शनी कर्क राशीच्या प्रत्येक मुलीच्या चंद्राच्या समोर येतो. साताऱ्याच्या कुठल्याही शाळेतला, त्या काळात जन्मलेल्यांचा दहावीचा अख्खा वर्ग घ्या. जो मुलगा आज बायकोचे पाय दाबतो त्याचाही शनी तिथेच, आणि ज्याने बायकोला रात्री दाराबाहेर काढलं त्याचाही तिथेच. जो योग वर्गातल्या सगळ्यांना सारखा लागतो, तो त्यातल्या एका नवऱ्याबद्दल काय सांगणार? गुरूचंही तसंच, तो एका राशीत वर्षभर असतो. लग्नरास आणि भावस्थानं तेवढी दर दोन तासांनी बदलतात, पण त्यासाठी जन्मवेळ नेमकी लागते आणि आपल्याकडे बऱ्याच जन्मवेळा अजूनही ‘गुरं घरी यायच्या सुमाराला’ अशा आहेत.

यावर मी एक उपाय सांगते. फुकट आहे आणि घरी करता येतो. ज्योतिषाकडे जाताना काहीही सांगू नका. नवऱ्याची पत्रिका न्या, सोबत त्याच वयाच्या दोन चुलतभावांच्या न्या. नावं झाका. तुमची पत्रिका उघडी ठेवा. म्हणा, यातल्या एकाशी माझं लग्न झालं होतं आणि मोडलं. कोणाशी, कोणत्या साली आणि कशावरून ते कागदावर लिहून द्या. घडून गेलेली, कायद्याच्या कागदावर असलेली गोष्ट ज्याला पत्रिकेत दिसत नाही, त्याला न घडलेली कशी दिसेल? नुसत्या अंदाजानेही माणूस तिघांतून एकदा बरोबर सांगू शकतो. म्हणून पत्रिका बरोबर ओळखली एवढ्यावर भुलू नका. साल आणि कारण विचारा.

अशी चाचणी महाराष्ट्रात झाली आहे आणि तिच्यामागे आपल्याच भागातला माणूस होता. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. शिकले सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, प्रकाश घाटपांडे आणि दाभोलकर यांनी 2008 मध्ये हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या मिळून 200 पत्रिका जमवल्या आणि ज्योतिषांना नावं न सांगता प्रत्येकी 40 पाठवल्या. कोणती कोणत्या गटातली, एवढंच ओळखायचं होतं. 27 जणांनी उत्तरं दिली. नाणं उडवून जेवढी बरोबर यावीत त्याहूनही सरासरी कमी आली. ती चाचणी लग्नाची नव्हती, हे मान्य. पण बुद्धी हा पत्रिकेचा अगदी ठळक विषय समजतात आणि तिथे ही गत. मग त्या मुलाच्या मनात आता पश्चात्ताप आहे की नुसता एकटेपणा, हे पत्रिकेत कोण वाचणार?

कारण प्रश्न तोच आहे. परत जाण्यात अर्थ आहे की नाही हे एकाच गोष्टीवर ठरतं: जुना प्रसंग पुन्हा आला तर दोघं वेगळं वागतात का? आणि हे बघायला शनी नको, थोडा वेळ हवा. सांगली आणि सातारा यांच्यात सुमारे सव्वाशे किलोमीटर आहेत. कऱ्हाड मध्ये पडतं. तिथे प्रीतिसंगमावर भेटा. ना त्याचं घर, ना तुमचं. दोन-तीन महिने तरी असं भेटत राहा. गोड बोलणं तर पहिल्याच भेटीत होणार, त्याला किंमत देऊ नका. एखादं भांडण होऊ द्या. मुद्दाम उकरून नव्हे, पण झालं तर टाळू नका. आपल्या उदाहरणातली मुलगी म्हणाली, ‘आज मला बरं वाटत नाहीये’, तर तो गोळी काढतो की गाडी बाजूला लावून विचारतो, काय झालं? आणि तिला राग आला तर ती तिथेच त्याला सांगते, की रविवारी त्याच्या बहिणीला फोन करते?

शब्दांवरूनही कळतं. ‘झालं गेलं विसरून जा’ असं जो म्हणतो, त्याला काय झालं होतं हेच ठाऊक नसतं. ‘त्या दिवशी ताईसमोर मी उठून गेलो, ते चुकलं’ असं जो म्हणतो, त्याला दिवस आठवतो, माणूस आठवतो आणि स्वतः काय केलं तेही आठवतं. पहिल्याकडे परत गेलात तर पुन्हा तेच होणार. दुसऱ्याशी निदान बोलता तरी येईल. आणि व्यवहाराचे प्रश्न लाजून सोडू नका. राहायचं कुठे, पगार कोणाच्या खात्यात, सासूबाईंच्या औषधांचा खर्च कोण बघणार, दर महिन्याला सांगलीला जायचं की नाही. पहिल्यांदा जे लग्न मोडलं ते बहुतेक अशाच चार प्रश्नांवर मोडलेलं असतं. त्यांची उत्तरं बदलली नसतील तर बाकी काही बदललेलं नाही.

ज्यांचा घटस्फोट अजून झालेला नाही, त्यांना कायद्यानेच थोडा अवधी दिला आहे. परस्परसंमतीच्या अर्जात, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब खाली, पहिल्या अर्जानंतर दुसऱ्या अर्जाआधी किमान सहा महिने जातात. फेरविचार करता यावा म्हणूनच हे सहा महिने ठेवलेत. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, समेटाची आशाच उरली नसेल तर न्यायालय ही मुदत माफ करू शकतं. याचा अर्थ, आशा असेल तर मुदत वापरा. ती पत्रिकांच्या खेपा घालण्यात घालवू नका, समुपदेशकासमोर दोघांनी बसून वापरा. आणि घटस्फोट होऊन गेला असेल तरी त्याच माणसाशी पुन्हा लग्न करायला कायद्याची आडकाठी नाही. ते नवं लग्न असतं, नवी नोंदणी करायची असते. कित्येक घरांत ‘आपण तर आधीच नवरा-बायको’ म्हणून मुलगी तशीच सासरी पाठवतात. पुढे हक्काचा प्रश्न आला की ती उघड्यावर पडते.

एक गोष्ट मात्र ठाम सांगते. मारहाण झाली असेल, धमक्या दिल्या असतील, पैसे काढून घेतले असतील, तर पत्रिका उघडूच नका. ‘शनीची दृष्टी होती’, ‘मंगळ तापला होता’ असं म्हणून हात उगारणाऱ्याचा हात ग्रहाच्या नावावर टाकला जातो आणि मुलीला शांत करून परत पाठवलं जातं. शनीने कोणाला मारलेलं नाही. ज्याने मारलं त्याचं नाव लग्नाच्या दाखल्यावर आहे. घरगुती हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे, 181 ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे. मुलीने त्या नंबरवर फोन करावा आणि आईने तिच्या शेजारी बसावं.

जोशीबुवांना द्यायच्या दक्षिणेत दोन माणसांचं सांगली-कऱ्हाड एसटीचं तिकीट निघतं. आईने मावशीला पत्रिका देऊन पाठवण्यापेक्षा मुलीला तेवढे पैसे द्यावेत आणि त्या मुलाला तिने स्वतः भेटू द्यावं. ती परत येऊन हो म्हणाली तर हो, नाही म्हणाली तर नाही, आणि तिच्या उत्तरावर कोणीही पंचांग काढू नये.